रिकाम्या जागा भरा: मस्ट, शुड, माइट, ऑट टू

इयत्ता दहावी, इंग्रजी सराव

आधी मराठीत दिलेला प्रसंग वाचा, मग जागा भरा. सक्ती असेल तर मस्ट, सल्ला असेल तर शुड, कर्तव्य म्हणून करायलाच हवं असं सांगायचं असेल तर ऑट टू. अंदाज बांधताना पुरावा बघा. पक्का असेल तर मस्ट, नुसती शक्यता असेल तर माइट.

1. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेनं 43 फुटांची धोका पातळी ओलांडली. नदीकाठच्या घरांना स्थलांतराचा आदेश आलाय.
यू ____ लीव्ह द हाउस टुडे.

2. पाणी 39 फुटांवर, म्हणजे इशारा पातळीला. आदेश काही नाही, पण शेजारचे काका म्हणतात, कागदपत्रं माळ्यावर टाका.
यू ____ कीप द पेपर्स अपस्टेअर्स.

3. राधानगरीचे स्वयंचलित दरवाजे उघडलेत. धरण भरल्याशिवाय ते आपोआप उघडत नाहीत.
द डॅम ____ बी फुल.

4. रंकाळ्यावर फिरायला निघालोय. आभाळ भरलंय, पण सकाळपासून थेंब नाही.
इट ____ रेन.

5. गल्लीत पाणी शिरलंय आणि शेजारच्या आजी घरात एकट्याच आहेत.
वी ____ हेल्प हर.

6. 10 नोव्हेंबर, अंबाबाईचा किरणोत्सव. आभाळ निरभ्र आहे, मावळतीला अजून अर्धा तास आहे.
द रेज ____ रीच द आयडल.

7. पुलावरून पुराचं पाणी वाहतंय, पोलीस अडवतोय.
यू ____ नॉट क्रॉस.

8. 1917 साली शाहू महाराजांनी संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं.
पेरेंट्स ____ सेंड देअर चिल्ड्रन टु स्कूल.

उत्तरं

1 मस्ट. 2 शुड, इथं मस्ट लिहिलं तर काका तहसीलदार झाले! 3 मस्ट, पण ही सक्ती नव्हे. धरणाला कोण आदेश देणार? पुराव्यावरून काढलेला हा निष्कर्ष आहे. 4 माइट. 5 ऑट टू. शुडही चालेल, पण शेजारधर्म ऑट टूमध्ये जास्त ठसतो. यातला टू विसरू नका, बोर्डाच्या पेपरात तिथंच गुण जातात.

6 वर वर्गात भांडण होतं, म्हणून जरा सविस्तर. सगळं जुळून आलंय, तेव्हा किरणं पोचायला हरकत नाही, अशी ही अपेक्षा आहे. म्हणून शुड, नाहीतर ऑट टू. मस्ट नको, कारण ऐनवेळी एखादा ढग आडवा आला की किरणं मूर्तीपर्यंत पोचत नाहीत. आभाळ आधीच ढगाळ असतं तर माइट.

7 मस्ट. मस्ट नॉट म्हणजे सक्त मनाई. 'असू शकत नाही' असा अंदाज सांगायचा असेल तर कान्ट वापरतात.

8 चारही चुकीचे. सक्ती आहे, पण भूतकाळातली, आणि मस्टला त्या अर्थानं भूतकाळ नाही. हॅड टू लिहा. ज्यांनी जागा कोरी सोडली त्यांना अर्धा गुण.