गंधकाम्ल ९८ टक्के, ३५ लिटरचा ड्रम: लेबलचा मराठी मजकूर आणि आपल्या शेडमधल्या सूचना

हा मजकूर सरकीचं तूस काढायच्या शेडमधल्या निळ्या प्लास्टिक ड्रमांच्या लेबलवरून घेतला आहे. फोटोत लेबलचा खालचा उजवा कोपरा डागाळलेला आहे, म्हणून लॉट क्रमांक वाचता आला नाही. तो अंदाजाने लिहिलेला नाही. बाकी सगळं स्पष्ट वाचलं आणि जसं आहे तसं मराठीत दिलं. आपल्या शेडपुरत्या सूचना त्या-त्या वाक्याखाली वेगळ्या लिहिल्या आहेत, त्या लेबलचा भाग नाहीत. एक प्रत ॲसिड खोलीच्या दारावर आणि एक पाण्याच्या टाकीजवळ लावायची.

लेबलचा वरचा भाग

सल्फ्युरिक ॲसिड (गंधकाम्ल), H₂SO₄, ९८ टक्के, औद्योगिक वापरासाठी.
यूएन क्रमांक १८३०. वाहतूक वर्ग ८: क्षरणकारी पदार्थ. पॅकिंग गट २.
निव्वळ वजन ६० किलो.
इशारा शब्द: धोका

चौकटीतलं चित्र: दोन नळ्यांतून थेंब पडतात, एक हातावर आणि एक धातूच्या पट्टीवर. दोन्हीला खड्डा पडलेला दाखवला आहे.

वजनाकडे नीट बघा. या तेजाबाचा एक लिटर १.८४ किलो भरतो, म्हणजे ड्रमात जेमतेम ३३ लिटर असून वजन ६० किलो. "पस्तीस लिटरचाच तर कॅन" असं म्हणून एकट्याने खांद्यावर घेतला की तोल जातो, बूच खालच्या अंगाला येतं आणि सगळं पाठीवर उतरतं. ड्रम दोघांनी उचलायचा किंवा ट्रॉलीवर न्यायचा. खांद्यावर कधीच नाही.

धोक्याची वाक्यं

एच २९०: धातूंना क्षरण करू शकते.
एच ३१४: त्वचा गंभीररीत्या भाजते आणि डोळ्यांना इजा होते.

दुसरं वाक्य सगळ्यांना कळतं. पहिल्याकडे मात्र कोणी लक्ष देत नाही, आणि शेडमध्ये त्याचाच घोटाळा होतो. ९८ टक्क्यांचं तेजाब लोखंडाला लवकर खात नाही, त्यामुळे ते लोखंडी बादलीत किंवा टिपात काढून ठेवायची सवय लागते. पण हे तेजाब हवेतलं पाणी ओढतं. पावसाळ्यात उघडं राहिलं की पातळ होतं, आणि पातळ झालेलं तेजाब लोखंडाला जोरात खाऊन हायड्रोजन वायू सोडतं. हा वायू ठिणगीने पेटतो आणि बंद भांड्यात साठला तर भांडं फुगतं. म्हणून तेजाब मूळ प्लास्टिक ड्रमातच राहील. फुगलेल्या भांड्याला हात न लावता सुपरवायझरला सांगायचं, आणि ॲसिड खोलीजवळ वेल्डिंग, ग्राइंडर, विडी काही चालणार नाही.

हाताळताना: लेबलवरच्या सूचना

मूळ भांड्यातच ठेवा. तुषार, वाफ किंवा फवारा श्वासात घेऊ नका. हाताळल्यानंतर हात आणि चेहरा नीट धुवा. संरक्षक हातमोजे, संरक्षक कपडे, डोळ्यांचे आणि चेहऱ्याचे संरक्षण वापरा.

आपल्याकडे याचा अर्थ असा. हातमोजे जाड पीव्हीसीचे किंवा निओप्रीनचे, कोपरापर्यंत येणारे. दवाखान्यातले पातळ मोजे आणि वेल्डरचे चामड्याचे मोजे इथे कामाचे नाहीत, तेजाब चामडं जाळतं. डोळ्यांना चारही बाजूंनी बंद गॉगल आणि त्यावर चेहऱ्याची काच. नुसत्या काचेच्या खालून थेंब वर उडतो. पीव्हीसी ॲप्रन, आणि गमबूट पँटच्या आत. पँट बुटात खोचली तर ओघळ सरळ बुटात जातो आणि पाय धुण्याआधी बूट काढायला वेळ लागतो. तोंडाला बांधलेली दस्ती किंवा दुपट्टा धूळ अडवेल, तेजाबाचे तुषार नाही, उलट सुती कापड ते शोषून तोंडाला चिकटवून ठेवतं. ज्या बाया सरकी निवडतात त्यांचं काम ॲसिड ओतणं चालू असताना पलीकडच्या शेडमध्येच राहील.

पाण्यात मिसळताना

हे लेबलवर नाही, पण सगळ्यात जास्त अपघात इथेच होतात.

आधी पाणी, मग तेजाब. तेजाबावर पाणी टाकलं की पाणी वरच्या थरात जागच्या जागी उकळतं आणि गरम तेजाब घेऊन बाहेर उडतं. उलट केलं तर जड तेजाब खाली जातं आणि उष्णता सगळ्या पाण्यात पसरते.

आपण ९० लिटर पाण्यात १० लिटर तेजाब टाकतो. एवढ्यानेच पाण्याचं तापमान सुमारे ३० अंशांनी चढतं. मे महिन्यात पत्र्यावरच्या टाकीतून आलेलं पाणी आधीच ४० च्या पुढे असतं, म्हणजे मिश्रण ७० च्या आसपास जातं. म्हणून उन्हाळ्यात मिश्रण सकाळी सहाला करायचं, पाणी रात्री भरून ठेवलेल्या सावलीतल्या टाकीचं घ्यायचं. टाकी प्लास्टिकची किंवा फायबरची. तेजाब एकेका लिटरच्या मापाने, बारीक धारेने सोडायचं, प्लास्टिकच्या काठीने हलवत राहायचं, आणि टाकीची बाहेरची बाजू हाताला चटका देईल इतकी तापली तर थांबायचं. घाई असली तर काम दुसऱ्या दिवसावर टाका, धार मोठी करू नका.

ड्रमाचं बूच उघडताना तोंड बाजूला ठेवून पाव फेरा फिरवायचा, आतला दाब निघाला की मग पूर्ण उघडायचं. ओतायला हातपंप वापरा. तोंडाने नळी ओढायची नाही.

अंगावर, डोळ्यात, पोटात गेल्यास

*लेबल:* त्वचेवर किंवा केसांवर पडल्यास: दूषित झालेले सगळे कपडे तत्काळ काढा. त्वचा पाण्याने धुवा.

भरपूर पाणी, लगेच, आणि सतत २० मिनिटं. ओल्या फडक्याने पुसणं सगळ्यात वाईट, कारण थोडं पाणी तेजाबाला तापवतं. कपडे डोक्यावरून ओढायचे नाहीत, कापून काढायचे. इथे लाजायचं नाही, कपडे काढताना दोघांनी ताडपत्री धरायची. चुना, खायचा सोडा, हळद, टूथपेस्ट अंगाला लावायचं नाही. बोअरचं पाणी खारं असलं तरी चालतं, आरओच्या कॅनची वाट बघत बसू नका.

*लेबल:* डोळ्यात गेल्यास: काही मिनिटे पाण्याने काळजीपूर्वक धुवा. कॉन्टॅक्ट लेन्स असतील आणि सहज निघत असतील तर काढा. धुणे चालू ठेवा.

डोक्याला कल द्या, तेजाब गेलेला डोळा खाली राहील, म्हणजे दुसऱ्या डोळ्यात जाणार नाही. पापण्या बोटांनी उघड्या धराव्याच लागतात, माणूस स्वतः उघडू शकत नाही. मिनिटाला ६ लिटर धरले तर २० मिनिटांना १२० लिटर लागतात. वीज कधीही जाते, त्यामुळे मोटरवर भरवसा नाही: २०० लिटरची टाकी रोज काम सुरू होण्याआधी काठोकाठ भरून, सावलीत, नळ लावून ठेवलेली असली पाहिजे. त्यातलं पाणी दुसऱ्या कशालाही वापरायचं नाही.

*लेबल:* गिळल्यास: तोंड खळखळून धुवा. उलटी करवू नका.
*लेबल:* श्वासात गेल्यास: व्यक्तीला मोकळ्या हवेत न्या आणि श्वास घेणे सोपे जाईल अशा स्थितीत ठेवा.
*लेबल:* तत्काळ विषबाधा केंद्राशी किंवा डॉक्टरांशी संपर्क साधा.

उलटी केली की तेच तेजाब अन्ननळीला दुसऱ्यांदा भाजतं. सोडा पाजला तर पोटात वायू होतो. बेशुद्ध माणसाच्या तोंडात काही घालू नका. वाफ श्वासात गेलेल्या माणसाला बरं वाटलं तरी दवाखान्यात न्यायचंच, फुप्फुसात पाणी भरणं काही तासांनी सुरू होऊ शकतं. १०८ ला फोन करताना म्हणायचं: "सल्फ्युरिक ॲसिड, ९८ टक्के, यूएन १८३०." लेबलचा फोटो गाडीसोबत पाठवायचा. गाडी येईपर्यंत धुणं थांबवायचं नाही.

सांडल्यास

*लेबल:* मालमत्तेचे नुकसान टाळण्यासाठी सांडलेला पदार्थ शोषून घ्या.

कोरड्या वाळूने किंवा कोरड्या मुरमाने. लाकडाचा भुसा, रुई, लिंटर, बारदाना अजिबात नाही. तेजाब त्यांना कोळसा करतं आणि त्यातून ते तापून पेटूही शकतात. आधी भोवती वाळूचा बांध घाला, नाल्याकडे धार जाऊ देऊ नका, मग वर वाळू टाका. शोषल्यावर विरलेला चुना थोडा-थोडा पसरा: सांडलेल्या एका लिटरला अंदाजे १.४ किलो. चुना नसेल तर सोडा ॲश २ किलो, पण ते फसफसतं म्हणून अगदी हळू. कळीचा चुना वापरायचा नाही, तो स्वतःच तापतो. पीएच कागदावर ५.५ ते ९ च्या मधे आलं की मग गोळा करा.

मालवाहू गाडीवरच्या पाटीवर 2P असा कोड दिसतो. तो अग्निशामक दलासाठी आहे. त्यात पाण्याच्या तुषारांनी पातळ करायची मुभा आहे, पण अंगभर बंद सूट घातलेल्या लोकांना. आपण नळी लावून पाणी मारायचं नाही.

तेजाब स्वतः जळत नाही. शेजारच्या सरकीला किंवा लिंटरला आग लागली तर एबीसी पावडरचा सिलिंडर वापरा आणि ड्रमांवर पाण्याची जोरदार धार जाणार नाही हे बघा. पावडरने ज्वाला विझते, गठ्ठ्याच्या आतली धग नाही, म्हणून तो गठ्ठा ओढून मोकळ्या जागी न्यायचा. आटोक्यात येत नसेल तर १०१.

साठवण आणि रिकामे ड्रम

*लेबल:* कुलूप लावून ठेवा. क्षरणरोधक भांड्यात ठेवा. दूषित कपडे पुन्हा वापरण्यापूर्वी धुवा. पदार्थ आणि भांडे स्थानिक नियमांप्रमाणे निकाली काढा.

एकावर एक दोनच थर, खाली लाकडी पॅलेट नाही, प्लास्टिकचा ट्रे. ब्लीचिंग पावडर, कीटकनाशकं, रॉकेल आणि युरिया दुसऱ्या खोलीत. ब्लीचिंग पावडर आणि तेजाब एकत्र आलं तर क्लोरीन वायू सुटतो. ड्रमाच्या अंगावर महिना आणि वर्षाचा गोल शिक्का असतो. पाच वर्षांपेक्षा जुना ड्रम घेऊ नका, आणि उन्हात पांढरट पडलेला असेल तर वय न बघता नाकारा, प्लास्टिक ठिसूळ झालेलं असतं.

रिकामा ड्रम इथे धुवायचा नाही. तळाशी वाटीभर तेजाब राहतंच, त्यात थोडं पाणी घातलं की ते तोंडातून उडतं. ड्रम रिकामा करताना टाकीवर पूर्ण उपडा करून थेंब थांबेपर्यंत ठेवा, बूच लावा, "रिकामा, गंधकाम्ल" अशी पट्टी चिकटवा आणि पुरवठादाराच्या परतीच्या गाडीत चढवा. नोंद वहीत आलेले आणि गेलेले ड्रम जुळले पाहिजेत. पाणी, धान्य किंवा फवारणीचं मिश्रण ठेवायला कोणी ड्रम मागितला तर द्यायचा नाही. तो घातक कचरा नियम २०१६ खाली येतो, परवानगी नसलेल्या कोणालाही तो विकता किंवा वाटता येत नाही.