तन्वीच्या वाटेचं गाऱ्हाणं

(आरवली. खळ्यात तुळशीसमोर पाट मांडलाय, त्यावर शेंडीचा नारळ, पानाचा विडा, केळ्यांची फणी. गाऱ्हाणं आजोबा घालतात, होकार सगळ्यांनी द्यायचा.)

बा देवा वेतोबा, आई सातेरी, घरच्या कुळदेवा, वाडीच्या राखणदारा, आणि ज्यांची नावं माझ्या तोंडात येत नाहीत त्या सगळ्या पूर्वजांनो, महाराजा!

— व्हय महाराजा!

आज घरची लहानथोर मंडळी एक होऊन तुमच्यापुढे उभी आहेत. मुंबईच्या चाळीत एकतीस वर्षं काढून माझी बोली पालटली, पण हाक तीच आहे. ऐकून घ्या, महाराजा!

— व्हय महाराजा!

ही आमची थोरली नात तन्वी. नर्सिंग पुरं केलं, आता बंगळूरच्या इस्पितळात नोकरीला लागते आहे. घरातून पोटासाठी परमुलखात जाणारी पहिली मुलगी. तिच्या आईने आठ दिवस अबोला धरला होता, तेही तुम्हाला ठाऊक आहे. काल रात्री तिनेच बसून कुळथाचं पीठ दळलं, आमसुलांची पुडी बांधली. म्हणजे राग गेला असं समजायचं, महाराजा!

— व्हय महाराजा!

प्रणव, हसू नको. तोंड उघडून व्हय म्हण.

वेतोबा, तुझ्या वहाणा रात्रीच्या फेरीत झिजतात म्हणून आम्ही तुला नव्या वाहतो. परवाच एक जोड देवळात पोचवला. या पोरीच्या पिशवीतही एक जोड आहे, पांढऱ्या बुटांचा, ड्युटीचा. तोही रातपाळीतच झिजणार आहे. रात्रीच्या राखणीचं काम तुला सांगायला नको. ती पेशंटच्या उशाशी जागी असेल तेव्हा तू तिच्या पाठीशी जागा राहा, महाराजा!

— व्हय महाराजा!

आंबोलीचा घाट चढताना धुकं असेल, ड्रायव्हरची नजर साफ ठेव. पुढे बेळगाव, हुबळी, तुमकूर. तिथवर तुझी हद्द नसेल, तर त्या त्या गावच्या देवाला सांगून ठेव की आमची पोर येते आहे. तुमचं आपसात काय ते तुम्ही बघा, महाराजा!

— व्हय महाराजा!

मी अठरा वर्षांचा होतो तेव्हा वेंगुर्ल्याच्या बंदरावरून आगबोटीने गेलो. परळला गावकऱ्यांच्या खोलीत राहिलो. दिवसपाळीवाले उठले की त्यांच्या वळकटीवर रातपाळीवाले निजायचे. पण ताटावर बसताना कुणीतरी विचारायचं, "जेवलास काय रे?" तेवढ्यावर मी तगलो. हिच्या पीजीत तीन अनोळखी मुली आहेत. त्यांतल्या एकीला तरी हे विचारायची बुद्धी दे. पोरगी स्वतः कानडीतलं एकच वाक्य शिकून निघाली आहे, "ऊट आयता?" जेवण झालं का? बरोबर तेच शिकली, महाराजा!

— व्हय महाराजा!

पगार वाढव, मान वाढव, असं मागणं सगळेच मागतात, आम्हीही मागतो. पण माझं मागणं दुसरं आहे. १९८२ च्या संपात गिरणी सुटली, तरी मी घरी पत्रात लिहीत राहिलो, "मी सुखरूप आहे, काळजी नसावी." वर्षभर खोटं लिहिलं. हिची आजी इथे ते पत्र शेजारच्या मास्तरांकडून वाचून घ्यायची आणि देवाला साखर ठेवायची. तसं हिच्याकडून होऊ देऊ नको. फोनवर रडावंसं वाटलं तर रडू दे. वरिष्ठ बोलले, पाय सुजले, घर आठवलं, तर तसंच सांगू दे. ऐकायचं बळ आम्हाला दे. आणि नाहीच मन लागलं, तर पिशवी उचलून परत येताना तिला पायरीवर अडखळू देऊ नको. कुणी "हरून आली" म्हटलं, तर त्याला काय सांगायचं ते मी सांगेन, महाराजा!

— व्हय महाराजा!

तिच्या हाताला यश दे. सुई टोचताना हात हलका राहू दे. ज्या पेशंटचं कुणी भेटायला येत नाही, त्याच्याकडे तिचं लक्ष आधी जाऊ दे. वाईट नजर, वाईट संगत, ताप, अपघात, जी काय इडापिडा असेल ती बाराच्या वाटेने लावून दे. पुढच्या जत्रेला रजा मिळू दे. तुझ्या पायाशी केळ्यांचा अख्खा घड ती स्वतःच्या पगारातून ठेवील. हे तिचं बोलणं, मी मध्यस्थ, महाराजा!

— व्हय महाराजा!

बोलताना काही चुकलंमाकलं असेल, कुणाचं नाव राहून गेलं असेल, तर लेकरांना पदरात घ्या. ठेवला नारळ मान्य करा, महाराजा!

— व्हय महाराजा!

हां, फोड नारळ. तन्वी, आजीकडून हातावर दही घे, आणि "जाते" नाही, "येते" म्हण. प्रणव, मोठी बॅग तू उचल. सावंतवाडीची गाडी थांबणार नाही.