नात मुंबईला गेल्यावर

शाळेला सुट्टी लागली की नात तुतारी एक्स्प्रेसने कणकवलीला उतरते,
आणि देवगडच्या एस.टी.त खिडकीशी बसून घरी पोहोचेपर्यंत
वाटेवरची करवंदांची प्रत्येक जाळी तिच्या ध्यानात राहिलेली असते.

पहाटे रायवळाखाली पडलेले आंबे वेचायला ती माझ्याआधी उठते,
फ्रॉकच्या ओच्यातून ते पडवीत आणून ओतते,
मग पेंढ्यातली आढी उघडून एकेका हापूसच्या देठाशी नाक नेते,
आणि जो तयार झाला असेल, तो दोन्ही हातांनी धरून आजीकडे धावते.
रातांबे फोडायला ती आमच्यात बसली,
तेव्हा तिच्या बोटांना चढलेला लाल रंग उतरायला कितीतरी दिवस लागले,
आणि तिला मात्र तो उतरूच नये असे वाटत होते.

आजीने तूप लावलेल्या ताटात साठं घातले होते.
रस पुरता वाळण्याआधीच नातीने त्यात बोट घालून चाखले,
आणि दुसऱ्या दिवशी वरून नवा थर दिला,
तरी त्या जागी बोटाएवढा खळगा राहिलाच.

जूनच्या तोंडावर रात्रीच्या गाडीने ती परत गेली.
१ जूनपासून मासेमारी बंद झाली, होड्या वर ओढल्या गेल्या,
पहाटे खाडीतून जाणारा यंत्रांचा आवाजही थांबला;
खळ्यातला मांडव आम्ही उतरवला, पडवीला झापं बांधली,
आणि घरात दुपारीच अंधारून येऊ लागले.

घर शांत झाले, एवढे म्हणून मला थांबता येत नाही.
सुट्टीभर आम्ही दोघे म्हातारे तिच्या तोंडून एकमेकांशी बोलत होतो:
‘आजोबांना सांग, पेज वाढली आहे,’
‘आजीला विचार, सोलांना कितवे पूट दिले?’
आणि माजघरातून ओटीवर, ओटीवरून माजघरात
तिचे अनवाणी पाय आमचे निरोप पोहोचवत होते.
आता ही माजघराच्या दारापर्यंत येते, काही क्षण उभी राहते,
आणि जे सांगायचे होते ते न सांगताच चुलीकडे वळते;
मीही सुपारी कातरत बसतो, वर पाहत नाही,
कारण इतक्या वर्षांच्या संसारात थेट हाक मारण्याची सवय
आम्हां दोघांनाही कधी लागलीच नाही.

काल साठं सोडवताना तो खळग्याचा तुकडा हिने वेगळा कापला,
फडक्यात बांधून फडताळात ठेवला,
आणि ओटीवर येऊन माझ्याच शेजारी बसली.
‘गणपतीचं आरक्षण मिळालं का हो पोरांना?’ तिने मला विचारले.
मी पंचांग उघडले, चतुर्थी तिला दाखवली,
आणि तिथून आमचे बोलणे निघाले ते दिवेलागणीपर्यंत चालले:
आठळ्या मातीत भरून ठेवायच्या, माळ्यावरचा पाट उतरवायचा,
आणि नातीने या खेपेला कोणाजवळ झोपायचे,
यावर तर आमचे चांगलेच भांडण झाले.