इंटर्नल ऑडिट रिव्ह्यू: सायबर रिस्क, मकरपुरा प्लांट आणि दांडिया बाजार ऑफिस

ऑडिट कमिटीच्या सगळ्यांना,

फॉरमॅटमधला रिपोर्ट येतोयच, पण तो येईपर्यंत थांबू नका म्हणून साध्या भाषेत लिहितोय.

फिशिंग (हाय): टेस्ट मुद्दाम नवरात्रीच्या तोंडावर घेतली. ‘स्टाफसाठी गरब्याचे फ्री पास, लॉगिन करा’ असा मेल १४० जणांना टाकला, ३७ जणांनी क्लिक केलं, १९ जणांनी पासवर्डही टाकला (आमच्या पानावर तो सेव्ह होत नव्हता, घाबरू नका). बडोद्यात फ्री पास म्हटल्यावर क्लिक होणारच, त्याचं मला एवढं काही नाही. पण आयटीला कळवलं फक्त दोघांनी! अकाउंट्समधल्या एका ताईंना लगेच शंका आली होती, तरी ‘बोलणी बसतील म्हणून गप्प राहिले’ म्हणाल्या. मागच्या वेळी क्लिक केलेल्यांची नावं नोटीस बोर्डावर लावली होती ना, त्याचं हे फळ. ते बंद करा आणि मेलमध्ये रिपोर्टचं बटण द्या.

प्रिव्हिलेज्ड अकाउंट्स (क्रिटिकल): आयटीसमोरच बसून हे चालवलं,

```
net group "Domain Admins" /domain
```

सगळ्या डोमेनचे पूर्ण अधिकार असलेली ११ नावं निघाली, आयटीच्याच मते ४ पुरेत. दोघं नोकरी सोडून गेलेले, एक जुन्या ईआरपी व्हेंडरचं, ज्याचं कॉन्ट्रॅक्ट मार्चमध्येच संपलंय. बॅकअपच्या सर्व्हिस अकाउंटचा पासवर्ड शेअर्ड फोल्डरमधल्या एक्सेलमध्ये उघडा पडलाय. आणि गरब्याच्या पासला भुललेल्या त्या १९ मध्ये एक जण आयटीचाच आहे, जो रोजचा मेल अॅडमिन आयडीनेच वाचतो. खरा हल्ला असता तर पहिल्याच क्लिकमध्ये सगळं डोमेन गेलं असतं आणि बॅकअप सर्व्हरही त्याच डोमेनवर असल्यामुळे तोही. जुनी तीन अकाउंट्स आमच्यासमोर बंद केली. बाकीची छाटणी, अॅडमिनचा वेगळा आयडी आणि एमएफए १५ दिवसांत हवं. आयटी हेड एमएफएच्या खर्चावर अडलेत, तो निर्णय कमिटीने घ्यावा.

इन्सिडंट रिस्पॉन्स (हाय): प्लॅन आहे, पण २०२१ चा. सर्ट-इनचे निर्देश आले २८ एप्रिल २०२२ ला, म्हणजे घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत त्यांना कळवायचं आणि लॉग १८० दिवस ठेवायचे हे त्यात नाहीच, आपल्या फायरवॉलचे लॉग ३० दिवसांत पुसले जातात. प्लॅनमधला पहिला फोन नंबर केव्हाच कंपनी सोडून गेलेल्या मॅनेजरचा, आणि प्लॅनची एकमेव कॉपी फाइल सर्व्हरवर, म्हणजे रॅन्समवेअर आलं की ती पण लॉक. शनिवारी टेबलाभोवती बसून ड्रिल केली तर प्लांटचं नेटवर्क तोडायचं कुणी सांगायचं यावरच ५० मिनिटं गेली. प्रॉडक्शन म्हणे आयटी, आयटी म्हणे डायरेक्टरसाहेब, आणि साहेब फ्लाइटमध्ये असले तर, यावर सगळे चूप. दोन नावं ठरवा, प्लॅन छापून सिक्युरिटी केबिनमध्येही ठेवा. बॅकअप रिस्टोअर करून पाहिल्याची एकही नोंद मिळाली नाही, तेव्हा या महिन्यात एकदा पेरोलचा डेटा रिस्टोअर करून दाखवा, आम्ही बघायला येतो.