‘ओलावा’ कथेच्या पहिल्या खर्ड्याबद्दल

दारव्हा, जि. यवतमाळ

प्रिय ताई,
सप्रेम नमस्कार.

तुमची कथा दोनदा वाचली. एकदा सलग वाचली आणि दुसऱ्यांदा पेन्सिल हातात घेऊन. चौदा पानांच्या समासात खुणा आहेत, पण नुसत्या खुणांवरून मला काय म्हणायचं आहे ते कळणार नाही, म्हणून हे पत्र.

आधी मुख्य गोष्ट. तुमच्या हाती फार मोलाची कथा लागली आहे. कापूस विकायला नेण्याच्या आदल्या रात्री बाप ढिगावर बादलीनं पाणी मारतो, वजन वाढावं म्हणून. मुलगी दाराच्या फटीतून ते पाहते. सकाळी तीच त्याच्यासोबत गाडीत बसते. शेतकऱ्याच्या कथेत बाप सहसा नुसता सोसणारा असतो. तुमचा बाप लबाडी करतो, आणि तरीही त्याच्यावरची माया कमी होत नाही. शेवटी विषाची बाटलीही तुम्ही आणली नाही. आपल्या भागातल्या कथेला तो शेवट इतका सवयीचा झाला आहे की दुसऱ्या पानावरच वाचणारा त्याची वाट पाहू लागतो. तुम्ही तिकडे गेला नाहीत, याचा मला फार आनंद झाला.

आता गतीबद्दल. बादली येते पाचव्या पानावर. त्याआधी सूर्योदय, नदी, पोळ्याच्या झडत्या, शाळेच्या आठवणी आणि सीतादही. सीतादहीचा परिच्छेद सुरेख आहे, आणि वेचणीच्या पहिल्या दिवशी वावरात दहीभात ठेवणारा हाच माणूस पुढे त्याच कापसावर पाणी मारतो, म्हणून तो राहायलाच हवा. पण चार ओळींत. बाकीचं काढा. गाव कसं आहे ते माणसांच्या वागण्यातून कळतंच.

खरी अडचण पुढे आहे. नवव्या पानावर ग्रेडर कापसाचा ओलावा मोजायचं मीटर लावतो आणि सात ओळींत सगळं आटोपतं. सात! ज्या क्षणासाठी आम्ही आठ पानं चाललो, तिथेच तुम्ही पळत सुटलात. आणि त्याच्या आधी, गाड्यांच्या रांगेत, दीड पान मुलीच्या लहानपणात गेलं. रांग मात्र तुम्ही पाहिलेली आहे, हे तुमच्या एका वाक्यावरून मला कळलं: ‘छोट्या हत्तीवरची ताडपत्री बाबांनी स्वतःच काढून टाकली.’ हे वाक्य लिहून तुम्ही पुढे निघून गेलात. थांबा तिथे. बाप ताडपत्री का काढतो? ऊन लागून वरचा थर तरी सुकावा म्हणून. म्हणजे रांग जितकी लांब, तितकं त्याच्या फायद्याचं. बाकीचे शेतकरी रांगेला शिव्या देत आहेत आणि हा एकटा मनातल्या मनात म्हणतो आहे, अजून थोडा वेळ लागू दे. मुलीला हे कळतं. इथे कथा कितीही सावकाश चालू द्या, वाचणारा हलणार नाही.

मग ग्रेडर येतो. त्याला वरवर मीटर लावू देऊ नका. तो कोपरापर्यंत हात आत घालून खालचा कापूस काढेल. त्या वेळी बाप कुठे पाहतो, मुलगी कुठे पाहते, ते लिहा. एक दुरुस्तीही करा: तुमचं मीटर पंचवीस टक्के दाखवतं. सीसीआयच्या सरकारी खरेदीत 8 टक्क्यांपर्यंत पूर्ण हमीभाव, त्यापुढे 12 टक्क्यांपर्यंत कपात, आणि 12 च्या वर गेला की माल परत. मीटरवर साडेतेरा येऊ द्या. पंचवीस आलं तर बाप मूर्ख ठरतो. साडेतेरावर आला तर थोडक्यात हुकला, आणि ते जास्त लागतं.

संवादांचं आता बोलतो, आणि इथे मी जरा कडक होणार आहे. तुमचे बाबा म्हणतात, ‘मुली, परिस्थितीपुढे माणूस हतबल होतो.’ मुलगी विचारते, ‘आपल्या घामाचे योग्य मूल्य आपल्याला कधी मिळणार?’ असं आपल्याकडे कोण बोलतं? आई मात्र एकदम खरी बोलते: ‘आंग खाजवू खाजवू सोलून निघालं. आता कापूस नेता, का मी झोपू आंगनात?’ महिनाभर राहत्या खोलीत कापूस भरलेला असला की काय होतं, ते त्या एका वाक्यात आलं. विकायची घाई का, तेही आलं.

पण म्हणून बाबांची वाक्यं नुसती वऱ्हाडीत फिरवू नका. ‘परिस्थितीनं लाचार करून टाकलं व माय’ केलं तरी ते भाषणच राहील. तुमची माणसं एकमेकांना ठाऊक असलेलं एकमेकांना सांगत बसतात, ते वाचणाऱ्यासाठी असतं, आणि तिथे संवाद ताठर होतो. या दोघांमध्ये तर न बोललेली बादली आहे. मी रांगेतला तुकडा असा करून पाहिला:

‘ऊन चांगलं हाय,’ बाबा म्हणाले.
‘हो.’
‘वरचं पाय बरं हात लावून. कोरडं ठणठणीत.’
‘अन् खालचं?’
बाबांनी ड्रायव्हरकडे तंबाखू मागितली.

हाच घ्या असं नाही. तुमच्या कानाला बाप वेगळा ऐकू येत असेल तर तसा लिहा. फक्त लिहून झालं की घरात कोणाला तरी मोठ्यानं वाचायला लावा, आणि ते जिथे अडखळतील तिथे खूण करा.

शेवटाचं दुखणं याच्याशीच जोडलेलं आहे. व्यापाऱ्याला पडेल भावात माल देऊन दोघं परततात, मग बाप रडून चूक कबूल करतो, मुलगी त्याला प्रामाणिकपणाचं महत्त्व सांगते आणि पाऊस येतो. एवढा वेळ जे दोघांनी जपलं ते तुम्ही दीड पानात सांडून टाकलं. बापानं कबुली दिली की मुलीवरचं ओझं उतरतं, आणि वाचणाऱ्यावरचंही. ते उतरू नये.

शेवट तुम्ही आधीच लिहिलेला आहे, बाराव्या पानाच्या तळाशी. बाप नोटा मोजतो, त्यातले मेसचे पैसे वेगळे काढून मुलीच्या हातात देतो आणि म्हणतो, ‘मोजून घे.’ अख्ख्या कथेत बाबांचं हेच एक वाक्य मला अस्सल वाटलं. पाणी मारलं ते या पैशांसाठी, हे मुलीला तिथे कळतं. ती मोजते, की न मोजता ठेवते? मोजलं तर एक मुलगी, न मोजलं तर दुसरीच. ते तुम्ही ठरवा, पण ठरवल्यावर एका ओळीत लिहा आणि पेन खाली ठेवा. पुढची दीड पानं आणि पाऊस नको.

कथेचं नावही शेवट पक्का झाला की पाहू, आत्ता त्यात वेळ घालवू नका.

अंकाला कथा द्यायला अजून अवधी आहे, तेव्हा पूर्ण खर्डा पुन्हा लिहायची घाई करू नका. आधी ताडपत्री काढल्यापासून मीटर लागेपर्यंतचा भाग लिहा, चार-पाच पानं तरी होऊ द्या, आणि तेवढाच मला पाठवा. एसटीच्या कंडक्टरच्या हाती दिलं तरी पोचेल, फोटो काढून पाठवले तरी चालतील.

तुमचा,
काका