चार चौकोन

दिवाळीच्या सुट्टीत लातूरहून आलेल्या इराने जुन्या नाशकातल्या आजीच्या वाड्याचा माळा पालथा घातला. फुटके कंदील, पितळी बंब आणि शके १८७१चं पंचांग. पंचांगात घडी घातलेला कागद. त्यावर वाकडी दुहेरी रेघ, रेघेत दोन तोंडांचा माणूस, काठाला घंटा, पिंडी आणि पिंडीसमोर रिकामं वर्तुळ. एका टोकाला तुळशीवृंदावन. शिवाय चार चौकोन: गुलाबी, पिवळा, केशरी, निळा.

"आजी, खजिना!"

"माझ्या सासऱ्यांचा हात आहे हा. त्यांच्याकडे खजिना असता तर मी रेशनच्या रांगेत उभी राहिले असते का?" आजी वाती वळत म्हणाली.

वृंदावन म्हणजे हाच वाडा, ते अंगणातच दिसत होतं. दोन तोंडांचा माणूस संध्याकाळी गंगेवर गेल्यावर भेटला: दुतोंड्या मारुती. पावसाळ्यात पाणी त्याच्या कुठवर चढलं यावरून नाशिककर पूर जोखतात. म्हणजे वाकडी रेघ गोदावरी. मग घंटा नारोशंकराचीच. पिंडीने मात्र दमवलं. महादेवाची देवळं काय कमी आहेत इथे? कपालेश्वराच्या पायऱ्या चढून इरा सवयीने नंदीला हात लावायला वाकली, तर नंदीच नाही! रिकामं वर्तुळ ते हेच.

आता चौकोन सोपे. गुलाबी पडत होता पंचवटीत, शनिचौकात. तिथे पाहावं तर नुसता रस्ता आणि दुचाक्या. इरा हिरमुसून घरी आली.

कागद परत ठेवताना तिचं लक्ष पानाकडे गेलं. त्याच्या घडीचा पिवळट डाग एकाच पानावर उमटला होता: फाल्गुन वद्य. पाचव्या तिथीवर पेन्सिलीची खूण.

"आजी, फाल्गुन वद्य पंचमीला काय असतं?"

"रंगपंचमी."

"म्हणजे... रस्त्याखाली रंग आहे?"

आजीच्या हातातली वात तशीच राहिली. "अगं, रहाडी! पेशव्यांच्या काळातले दगडी हौद. वर्षभर लाकडं, माती टाकून बुजवलेले. रंगपंचमीला उघडायचे, पूजा करायची, रंग भरायचा आणि वरून धप्पा. तुझ्या आजोबांनी एकदा मारला, ते दोन दिवस पिवळेच." तिने कागद ओढून घेतला. "गुलाबी शनिचौक. पिवळी तिवंध्याची. केशरी दिल्ली दरवाजा."

"आणि निळी?"

आजीने चष्मा पुसून पुन्हा लावला. "निळी नाही बाई ऐकली कधी. पण कितीतरी रहाडी बंद पडल्यात म्हणे..."

इराने वृंदावनापासून निळ्या चौकोनापर्यंत बोटं ठेवली. जेमतेम दोन बोटं. दिंडी दरवाजातून बाहेर, बोळ संपतो तिथे, समोरच्या ओट्यापुढे.

आजीने चपला पायात सरकवल्या आणि ती बोळातूनच ओरडली, "ओ नाना, तुमची स्कूटर जरा बाजूला घ्या बरं!"