लेअर शेड क्रमांक २ : दैनंदिन नोंद आणि साप्ताहिक गोषवारा (आठवडा ३४ वा)

शेडमध्ये पांढऱ्या जातीच्या अंड्यावरील कोंबड्या पिंजरा पद्धतीने ठेवलेल्या असून पिंजऱ्यांच्या चार रांगा आहेत. अठराव्या आठवड्यात ४,९५० पक्षी शेडमध्ये घेतले होते. या आठवड्याच्या सुरुवातीला, म्हणजे सोमवारी सकाळी, प्रत्येक रांगेत १,२१५ याप्रमाणे ४,८६० पक्षी शिल्लक होते. प्रकाश पहाटे साडेचार ते रात्री साडेआठ असा १६ तास दिला जातो. या वहीत दिवस कळपाच्या वयाने ओळखला जातो, कारण खाद्य आणि अंड्यांचे आकडे ज्या प्रमाणित तक्त्याशी ताडून पाहायचे असतात तो तक्ताही वयावरच बेतलेला असतो.

खाद्याचा आकडा हा दिवसभरात टाकलेल्या खाद्यातून फीडरमध्ये उरलेले खाद्य वजा करून काढलेला आहे. अंड्यांच्या आकड्यात तडकलेली आणि पातळ कवचाची अंडीही धरलेली आहेत. टक्केवारी आणि प्रतिपक्षी खाद्य त्या दिवशी सकाळी हजर असलेल्या पक्ष्यांवर काढले आहे. पाण्याच्या मीटरचे वाचन संध्याकाळी सहा वाजता घेतले जाते, म्हणून पाण्याचा आकडा आदल्या संध्याकाळपासूनच्या २४ तासांचा आहे. गुरुवारची नोंद वाचताना हे विशेष लक्षात ठेवावे.

| वार (वय, दिवस) | सकाळचे पक्षी | मरतुक | खाद्य, किलो | प्रतिपक्षी, ग्रॅम | पाणी, लिटर | अंडी | उत्पादन, % | तडकलेली | खाद्य रूपांतर |
|---|---|---|---|---|---|---|---|---|---|
| सोम (२३२) | ४,८६० | १ | ५३४ | १०९.९ | १,१२४ | ४,५६८ | ९४.० | ६२ | १.९८ |
| मंगळ (२३३) | ४,८५९ | १ | ५३५ | ११०.१ | १,१३१ | ४,५७५ | ९४.२ | ५८ | १.९८ |
| बुध (२३४) | ४,८५८ | ० | ५३२ | १०९.५ | १,०६२ | ४,५६१ | ९३.९ | ६४ | १.९८ |
| गुरु (२३५) | ४,८५८ | ३ | ४८८ | १००.५ | ९६८ | ४,४९० | ९२.४ | ७१ | १.८४ |
| शुक्र (२३६) | ४,८५५ | ४ | ५०९ | १०४.८ | १,१४८ | ४,३१२ | ८८.८ | ९७ | २.०० |
| शनि (२३७) | ४,८५१ | १ | ५२९ | १०९.० | १,१३९ | ४,४०५ | ९०.८ | ८३ | २.०४ |
| रवि (२३८) | ४,८४८ | १ | ५३६ | ११०.६ | १,१३६ | ४,५०१ | ९२.८ | ६६ | २.०२ |

रोजचे खाद्य रूपांतर काढताना अंड्याचे सरासरी वजन सातही दिवस ५९.० ग्रॅम धरले आहे. शनिवारी दोन पक्षी कळपातून काढून टाकले. ते मरतुकीत धरलेले नाहीत.

सोमवार ते बुधवार

सोमवारी दुसऱ्या रांगेत आणि मंगळवारी चौथ्या रांगेत प्रत्येकी एक पक्षी मेलेला आढळला. दोन्ही पक्षी चांगल्या अंगाचे होते आणि बाहेरून काही खूण दिसली नाही. मंगळवारी ५० किलोची ५० पोती खाद्य आले. प्रत्येक पाचव्या पोत्याचे वजन करून पाहिले, ते बरोबर भरले, आणि वासावरून किंवा हाताला लागणाऱ्या ओलाव्यावरून शंका घेण्यासारखे काही नव्हते. सोमवारी तीन ट्रे, म्हणजे ९० अंडी, तोलली असता निव्वळ वजन ५,३३७ ग्रॅम, म्हणजे अंड्यामागे ५९.३ ग्रॅम आले.

बुधवारी दुपारी नेहमीप्रमाणे पाण्यातून जीवनसत्त्वांचे मिश्रण दिले. त्या संध्याकाळी मीटरवर पाणी साधारण ६० लिटरने कमी दिसत होते. खाद्य आणि अंडी दोन्ही जागच्या जागी असल्यामुळे मी तो फरक हवेतल्या गारव्याच्या खाती टाकला आणि त्याची वेगळी नोंद केली नाही. पक्षी पाणी कमी पितो आणि मग खाद्य सोडतो, हा क्रम ठाऊक असूनही तो आकडा माझ्याकडून निसटला, एवढे येथे लिहून ठेवतो.

गुरुवार

सकाळी साडेअकरा वाजता फीडर पाहताना तिसऱ्या रांगेत सकाळचे खाद्य जवळजवळ तसेच पडलेले दिसले. उरलेल्या तीन रांगांमध्ये फीडर साफ होते. पक्षी चोच उघडी ठेवून बसले होते, काहींचे तुरे मलूल होऊन एका बाजूला कलले होते. निप्पल बोटाने दाबले असता धार न येता थेंब सुटत होता. या रांगेच्या रेग्युलेटरआधीची गाळणी उघडली, तेव्हा तिच्या जाळीवर जीवनसत्त्वांच्या मिश्रणाचा न विरघळलेला साका आणि पाइपमधला बुळबुळीत थर एकत्र होऊन बसला होता. गाळणी धुऊन, पाइपलाइनचे शेवटचे टोक उघडून पाणी जोराने सोडले आणि सव्वाबाराला दाब पूर्ववत झाला. म्हणजे बुधवारी दुपारनंतर केव्हातरी सुरू झालेला अडथळा, रात्रीचे अंधाराचे आठ तास धरून, गुरुवारी दुपारपर्यंत टिकला.

तहानलेले पक्षी एकदम पाण्यावर तुटून पडू नयेत म्हणून पहिला अर्धा तास दाब थोडा कमी ठेवला. दिवसभरात एकूण ५४० किलो खाद्य टाकले होते. रात्री तिसऱ्या रांगेतील उरलेले खाद्य गोळा करून तोलले, ते ५२ किलो भरले. ते कोरडे व स्वच्छ असल्याने शुक्रवारी सकाळी त्याच रांगेत प्रथम वापरले आणि नवे खाद्य तेवढे कमी टाकले. मेलेले तीनही पक्षी तिसऱ्या रांगेतले, पाइपलाइनच्या शेवटच्या टोकाकडील पिंजऱ्यांतले होते.

शुक्रवार

अंड्यांची खरी घट आज दिसली. कोंबडीच्या पोटात एक अंडे पूर्ण तयार होण्यास साधारण २४ ते २६ तास लागतात, त्यामुळे गुरुवारी गोळा झालेली बहुतेक अंडी पाणी तुटण्याआधीच घडणीला लागलेली होती आणि पाण्याचा फटका एक दिवस उशिरा हाती आला. अंडी रांगेनुसार वेगळी मोजली: तिसऱ्या रांगेत १,२१२ पक्ष्यांकडून ९२१ अंडी, म्हणजे ७६.० टक्के; बाकीच्या तीन रांगांत ३,६४३ पक्ष्यांकडून ३,३९१ अंडी, म्हणजे ९३.१ टक्के. तडकलेल्या ९७ अंड्यांपैकी बरीचशी पातळ कवचाची होती. ९० अंड्यांचे निव्वळ वजन ५,२७४ ग्रॅम, म्हणजे अंड्यामागे ५८.६ ग्रॅम आले.

मरतुक चार, त्यांतील तीन पक्षी तिसऱ्या रांगेतले आणि एक पहिल्या रांगेतला, ज्याची अंडनलिका बाहेर आलेली होती. पशुवैद्यकांनी तिसऱ्या रांगेतील दोन पक्षी उघडून पाहिले. अन्नपिशवीत कोरडे, गच्च बसलेले खाद्य, मांसाचा रंग गडद व पृष्ठभाग चिकट, आणि मूत्रपिंडे फिकट व सुजलेली होऊन त्यांवर पांढरे युरेट साचलेले, ही लक्षणे पाण्याअभावी आलेल्या मृत्यूची असून संसर्गजन्य रोगाची कोणतीही खूण दिसत नाही, असे त्यांनी सांगितले. त्यांच्या सूचनेनुसार तीन दिवस पाण्यातून इलेक्ट्रोलाइट द्यावयाचे ठरले. मिश्रण आधी बादलीत पूर्ण विरघळवून, फडक्यातून गाळूनच टाकीत सोडले जाते. मृत पक्षी नेहमीच्या खड्ड्यात चुना टाकून पुरले.

शनिवार व रविवार

शनिवारी तिसऱ्या रांगेत एक पक्षी मेला. त्याच रांगेतील दोन पक्षी खात नव्हते आणि छातीचे हाड हाताला स्पष्ट लागत होते, म्हणून ते काढून टाकले. रविवारी पहिल्या रांगेत एक पक्षी मेलेला आढळला. त्या दिवशी तिसऱ्या रांगेने १,२०६ पक्ष्यांमागे १,०८० अंडी दिली, म्हणजे ८९.६ टक्के, अन्य तीन रांगा ९३.९ टक्क्यांवर परतल्या. ९० अंड्यांचे वजन ५,३१० ग्रॅम, अंड्यामागे ५९.० ग्रॅम.

साप्ताहिक गोषवारा

सात दिवसांत सकाळच्या पक्षिसंख्येची बेरीज ३३,९८९ पक्षिदिन, खाद्य ३,६६३ किलो आणि अंडी ३१,४१२ झाली. यावरून सरासरी उत्पादन ९२.४ टक्के आणि प्रतिपक्षी दैनिक खाद्य १०७.८ ग्रॅम येते. मागील आठवड्यात हेच आकडे ९४.१ टक्के आणि १०९.७ ग्रॅम होते. आठवड्याची मरतुक ११, म्हणजे सुरुवातीच्या संख्येच्या ०.२३ टक्के, मागील आठवड्यात ती ५ होती. मृत व काढून टाकलेले मिळून अठराव्या आठवड्यापासून आजवर १०३ पक्षी, म्हणजे २.०८ टक्के कमी झाले आहेत. पाणी ७,७०८ लिटर लागले, म्हणजे खाद्याच्या प्रत्येक किलोमागे २.१० लिटर.

तीन वजनांची सरासरी ५९.० ग्रॅम धरल्यास अंड्यांचे एकूण वजन १,८५३.३ किलो होते आणि खाद्य रूपांतर गुणोत्तर ३,६६३ ÷ १,८५३.३ = १.९८ येते. मागील आठवड्यात ते १.९७ होते. डझनामागे खाद्य दोन्ही आठवड्यांत १.४० किलोच आहे. केवळ हे दोन आकडे वरच्या कार्यालयात गेले असते, तर या आठवड्यात काही घडले असे कोणाला वाटलेही नसते. पहिल्या तीन दिवसांचा वेग कायम राहिला असता तर सुमारे ५४० अंडी जास्त मिळाली असती आणि ७० किलो खाद्य जास्त लागले असते. अंशस्थानी आणि छेदस्थानी दोन्हीकडे घट झाल्यामुळे भागाकार जवळपास जागीच राहिला. त्याहून विचित्र म्हणजे पक्षी तहानेने मरत होते त्या गुरुवारी खाद्य रूपांतर १.८४, म्हणजे आठवड्यातील सर्वांत चांगले दिसते, कारण खाद्य त्याच दिवशी थांबले आणि अंडी मात्र आदल्या दिवशीच्या पोषणावर येत राहिली. म्हणून पुढील आठवड्यापासून रोजचे खाद्य रूपांतर तक्त्यात ठेवले तरी गोषवाऱ्यात त्याच्या शेजारी प्रतिपक्षी खाद्य, उत्पादनाची टक्केवारी आणि पाणी हे तीनही आकडे लिहिले जातील.

पाण्याच्या मीटरचे वाचन सोमवारपासून सकाळी सहा व संध्याकाळी सहा असे दोनदा घेण्यात येईल आणि आदल्या दिवशीच्या त्याच वेळेपेक्षा ते ५ टक्क्यांनी कमी आढळल्यास चारही रांगांच्या शेवटच्या टोकाचे निप्पल दाबून पाहिले जातील. पाण्यातून कोणतेही औषध दिल्यानंतर चारही गाळण्या त्याच दिवशी धुतल्या जातील. तिसऱ्या रांगेची अंडी आणखी दोन आठवडे वेगळी मोजली जातील.

शिल्लक

खाद्य : आरंभी १,८५० किलो, आवक २,५०० किलो, वापर ३,६६३ किलो, वहीनुसार शिल्लक ६८७ किलो. प्रत्यक्ष मोजणीत १३ भरलेली पोती व एका उघड्या पोत्यात ३४ किलो, एकूण ६८४ किलो भरले. ३ किलोची तूट सांडलवंडीत दाखवली आहे. हा साठा सव्वा दिवसच पुरेल, म्हणून पुढची गाडी सोमवारी संध्याकाळपर्यंत येणे आवश्यक आहे.

अंडी : चांगली अंडी ३०,९११, म्हणजे ३० चे १,०३० ट्रे व ११ सुटी. आरंभीचे ९६ ट्रे धरून १,०५० ट्रे रवाना झाले; शिल्लक ७६ ट्रे व ११ अंडी. तडकलेली ५०१ अंडी, एकूण उत्पादनाच्या १.६ टक्के, वेगळी काढली.

पक्षी : ३५ व्या आठवड्यासाठी आरंभीची संख्या ४,८४७, त्यांपैकी तिसऱ्या रांगेत १,२०६.

नोंद ठेवणारा : पर्यवेक्षक, शेड क्रमांक २